अडकलेल्या नटाचं नाव

सांगलीत शिवी बऱ्याचदा शिवी नसतेच, ती विरामचिन्ह असते. दोन मित्र चार महिन्यांनी भेटले की पहिलं वाक्य शिवीनेच उघडतं. पाऊस लांबला तर पावसाला शिवी, गेलेली लाईट परत आली तर आनंदाने शिवी. उसाची ट्रॉली चिखलात रुतली की चारजण मिळून ढकलतात, आणि जोर लावायच्या क्षणी त्यांच्या तोंडून जे निघतं ते देवाचं नाव नसतं. माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं, लोणंदच्या बाजूचं. तिकडची माणसंही काही तुपात बुडवून बोलत नाहीत. त्यामुळे शिवी कानावर पडली म्हणून दचकणाऱ्यांतली मी नाही.

पण तीच शिवी अडीच वर्षांच्या लेकीच्या तोंडून, बोबड्या उच्चारात आणि एकदम खूश होऊन बाहेर पडली की घरातली पाच मोठी माणसं पाच दिशांना धावतात. त्या धावपळीत जे होतं, त्यावरच ती शिवी आठवड्यात विसरली जाणार की वर्षभर टिकणार हे बरंचसं ठरतं. हा लेख त्याबद्दल आहे. त्यात एक शब्द पुन्हापुन्हा येणार आहे. टिंबं टाकून लिहिता आला असता, पण टिंबं टाकली की शब्द आणखी मोठा दिसतो, आणि तो लहान कसा करायचा हेच तर सांगायचंय.

तर शब्द होता ‘भाडखाव’.

आम्ही विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर राहतो. खाली रस्त्यापलीकडे दुचाकींचं एक गॅरेज आहे. मनूला, म्हणजे माझ्या लेकीला, गॅलरीत उभं राहून ते बघायचं वेड. सकाळचं दूध ती तिथंच पिते. पान्हे, जॅक, ऑईलचे डबे, किक मारल्यावर उठणारा धूर, सगळं तिच्या ओळखीचं. एका संध्याकाळी बाहेरून आल्यावर तिच्या सॅंडलचा पट्टा बक्कलमध्ये अडकला. दोन्ही हातांनी ओढून झालं, पाय आपटून झाला, आणि मग ती अगदी शांतपणे, कामात असलेल्या माणसाच्या सुरात म्हणाली, “बाडकाव निघंना झालाय.”

माझा दीर सोफ्यावर होता. तो इतका हसला की त्याच्या हातातला चहा सांडला. पुढच्या क्षणी त्याने मोबाईल काढला. “परत म्हण, मनू, परत म्हण एकदा.” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “जिभेवर मिरची ठेवा तिच्या, म्हणजे कळेल.” नवरा तेवढ्यात ऑफिसमधून आला होता. त्याने आवाज चढवून विचारलं, “कुठं शिकलीस हे? कोण म्हणतं असं?” सासरे काहीच बोलले नाहीत, पेपर मात्र तोंडासमोर धरला आणि पेपर हलत होता. आणि मनू या सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होती. सॅंडल तिच्या पायात तशीच अडकलेली होती.

मी बघत होते ते तिच्या चेहऱ्याकडे. त्या अर्ध्या मिनिटात एक साधा शब्द तिच्या डोळ्यांदेखत जादूचा होत होता.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्याबरोबर गॅलरीत उभी राहिले. खाली गॅरेजवाला एका जुन्या स्कूटरच्या मागच्या चाकाशी झटत होता. नट गंजून बसलेला. पान्ह्यावर पाय ठेवून त्याने सगळं वजन टाकलं, पान्हा सटकला आणि तो म्हणाला, “ह्यो भाडखाव निघंना की रं!” हाताखालच्या पोराने रॉकेलची बाटली आणली. नटावर थेंब सोडले, थोडा वेळ थांबले, परत जोर लावला आणि नट सुटला.

म्हणजे मनूने शब्द बरोबर शिकला होता. तिच्या लेखी भाडखाव हे कुठल्या माणसाला दिलेलं दूषण नव्हतंच. ते अडकलेल्या नटाचं नाव होतं. जी वस्तू जोर लावूनही सुटत नाही, ती भाडखाव. सॅंडलचा पट्टा सुटत नव्हता, म्हणून तोही भाडखाव. व्याकरण चोख, प्रसंग चोख. फक्त ‘भाड’ म्हणजे काय, ती कोण खातं, आणि त्या शब्दात कुणाच्या शरीराचा व्यवहार दडलाय, हे तिला ठाऊक नव्हतं. खरं तर गॅरेजवाल्याच्याही ते मनात नव्हतं.

मुलं शब्द अशीच उचलतात. सुझन कॅरी आणि एल्सा बार्टलेट या संशोधकांनी 1978 मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला होता. बालवाडीतल्या तीन-चार वर्षांच्या मुलांना बाईंनी सहज बोलता बोलता सांगितलं, तो ट्रे आण, निळा नको, क्रोमियम रंगाचा आण. दुसरा ट्रे शेवाळी हिरवा होता आणि क्रोमियम हे नाव मुलांनी कधी ऐकलेलं नव्हतं. कुणी अर्थ समजावला नाही. तरीही काही दिवसांनी विचारल्यावर बऱ्याच मुलांच्या डोक्यात त्या शब्दाचं काहीतरी उरलेलं होतं, निदान हा कुठल्यातरी रंगाचा शब्द आहे एवढं तरी. मुलं अर्थ विचारत बसत नाहीत. शब्द कुठे, कधी, कुणाच्या तोंडून, कोणत्या सुरात आला, हे गोळा करतात आणि त्यावरून अर्थ बांधतात. शिवी तर नेहमीच ठसक्यात, जोर लावून, बाकीच्या वाक्यापेक्षा वरच्या पट्टीत येते. शंभर शब्दांत ती उठून दिसते. मुलाने नेमकी तीच उचलावी यात नवल नाही.

पण याचा पुढचा भाग महत्त्वाचा. अर्थ बांधणं पहिल्या दिवशी संपत नाही. शब्द वापरल्यावर काय घडतं, हेही त्या अर्थात मिसळतं. आदल्या संध्याकाळपर्यंत भाडखाव म्हणजे ‘अडकलेलं’ होतं. काकाच्या हसण्यानंतर तो ‘काकाला हसवायचा शब्द’ झाला, बाबाच्या आवाजानंतर ‘सगळ्यांना माझ्याकडे बघायला लावणारा शब्द’ झाला. गॅरेजने तिला शब्द दिला होता, त्यातली शक्ती आमच्या दिवाणखान्याने भरली. हसणं आणि ओरडणं आपल्याला उलट वाटतं. अडीच वर्षांच्या पोराच्या हिशोबात दोन्हीची किंमत जवळपास एकच असते, कारण दोन्हींत पाच मोठी माणसं हातातली कामं सोडून वळून बघतात.

मिरचीचंही तसंच. जीभ भाजते, हे तर आहेच. पण मुलाला त्यातून जे कळतं ते असं की आज्जी जवळ असताना हा शब्द काढला की भाजतं. मग तो शब्द आज्जी नसताना, जिन्यात, अंगणात, बालवाडीत निघतो. शब्द जात नाही, फक्त आपल्या कानाआड होतो.

*

मग करायचं काय? या प्रश्नाला एकच उत्तर नाही, कारण मूल तोच शब्द तीन वेगळ्या तऱ्हांनी म्हणतं. त्या तिन्ही ओळखायला फार अवघड नसतात. शब्द म्हटल्यावर मूल कुठे बघतं, तेवढं बघायचं.

पहिली तऱ्हा: मूल वस्तूकडे बघतं. शब्द निघतो आणि डोळे सॅंडलवरच असतात. इथे शिवी नाहीच, शब्द आहे. त्याला काम आहे, म्हणून ते काम करणारा दुसरा शब्द द्यायचा आणि अडलेलं सोडवायला हात लावायचा.

दुसरी तऱ्हा: मूल तुमच्याकडे बघतं. शब्द फेकतं आणि ओठ मुडपून वाट बघतं, आता काय होतंय? इथे शब्द म्हणजे विजेचं बटण आहे. दाबल्यावर दिवा लागला नाही तर बटणात मजा उरत नाही.

तिसरी तऱ्हा: मूल दुसऱ्या माणसाकडे बघतं, आणि रागाने. भावंडाने खेळणं हिसकावलं आणि त्याच्यावर तो शब्द मारला. इथे शब्दाला धार आलेली असते. इथे कोरा चेहरा करून चालत नाही. शांत पण ठामपणे सांगायचं, “तुला राग आलाय. खेळणं माझं आहे, दे, असं म्हण. हा शब्द माणसांना म्हणायचा नाही.” आणि मूळ भांडण सोडवायचं.

गोंधळ होतो तो आपण पहिल्या तऱ्हेला तिसरीची शिक्षा देतो तेव्हा. नटाचं नाव सांगणाऱ्या पोरीला ‘असं वाईट बोलतात का’ विचारलं की तिला पहिल्यांदा कळतं की यात काहीतरी वाईट आहे. म्हणजे धार आपणच लावून देतो.

*

त्या रात्री मनू झोपल्यावर आम्ही पाचजण बसलो. घरात एकटी आई काही ठरवते आणि बाकीचे आपापल्या परीने वागतात, तेव्हा हे काम होत नाही. का, ते पुढे येईलच. मी तीनच गोष्टी मागितल्या. ती शब्द म्हणाली की हसायचं नाही, ओरडायचं नाही, ‘काय म्हणालीस?’ असंही विचारायचं नाही. चेहरा असा ठेवायचा, जणू ती ‘पंखा’ म्हणाली. दुसरं, लगेच अडलेल्या गोष्टीकडे वळायचं. तिसरं, काकाने व्हिडिओ डिलीट करायचा आणि फॅमिली ग्रुपवर टाकायचा नाही.

तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वाद झाला. “वहिनी, एवढं काय त्यात? मोठी झाल्यावर तिलाच दाखवू की.” मी म्हणाले, “भावजी, ती रोज तुमच्या मोबाईलमध्ये स्वतःचे व्हिडिओ बघते. हा व्हिडिओ म्हणजे तुमचं हसणं रेकॉर्ड करून ठेवलंय. ती लावेल तितक्यांदा तुम्ही हसणार.” हे त्याला पटलं. डिलीट केला.

सासूबाईंची शंका वेगळी होती. “दुर्लक्ष केलं तर तिला वाटंल चालतंय हे.” ही शंका खरी आहे आणि बहुतेक घरांत ती येते. दुर्लक्ष शब्दाकडे करायचं, मुलीकडे नाही. त्यामुळे तिच्याकडे आधीपेक्षा जास्तच लक्ष गेलं, फक्त ते सॅंडलमार्गे गेलं. “अडकलं का? ‘अडकलं’ म्हण, मी येते. बघ, हा पट्टा आधी मागे ढकलायचा, मग निघतो.” बक्कल कसं काढायचं हे तिला हळूहळू, तिचा हात धरून दाखवलं. ज्या गोष्टीसाठी शब्द लागत होता ती गोष्टच सोपी झाली, तर शब्दाची गरज निम्मी होते.

पण ‘अडकलं’ हा शब्द तसा बेचव आहे. गॅरेजवाल्याच्या शब्दात जो झणका होता तो त्यात नाही. जोर लावताना तोंडात काहीतरी दणदणीत लागतं, हे मोठ्यांनाही कळतं. म्हणून आम्ही तिला ठसक्याचे शब्द दिले. अरेच्चा, बोंबला, खट्याक. यातलं ‘खट्याक’ तिला इतकं आवडलं की पुढे कुठलाही नट सुटला की गॅलरीतून तोच पुकारा व्हायचा.

असे शब्द शोधताना एक गंमत लक्षात आली. मराठीतले बरेचसे सोज्वळ उद्गार हे झिजलेल्या शिव्याच आहेत. ‘आयला’ म्हणजे आईला. ‘च्यायला’ म्हणजे तुझ्या आईला, पुढचं क्रियापद गिळून टाकलेलं. ‘च्यामारी’ही त्याच कुळातला. आपण ते दिवाणखान्यात, पाहुण्यांसमोर, ऑफिसच्या मीटिंगमध्ये वापरतो आणि कुणाला काही वाटत नाही. शब्द वापरून वापरून गुळगुळीत होतो आणि त्यातलं विष निघून जातं, हे भाषा शतकानुशतकं करत आली आहे. आम्हाला तेच आठ-दहा दिवसांत करायचं होतं.

*

आता ते दिवस कसे गेले ते सांगते, कारण मध्ये एक वळण येतं आणि बहुतेक जण तिथेच हात टेकतात.

पहिल्या दिवशी शब्द चार-पाच वेळा आला. दोनदा खरोखर काहीतरी अडकलं म्हणून, बाकी वेळा आमच्याकडे बघून. कुणी दाद दिली नाही. दुसऱ्या दिवशी तो वाढला. तिसऱ्या दिवशी तर कहरच झाला. जेवताना, अंघोळ करताना, काकाच्या कानाशी तोंड नेऊन, आरतीच्या मध्यात, टाळ वाजवत. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ होता, बघितलंस तुझं शहाणपण?

दिवा विझायच्या आधी मोठा होतो, तसं हे असतं. मुलांच्या वागण्याचा अभ्यास करणारे लोक हे ओळखून असतात: ज्या वागण्याला आजवर दाद मिळत होती ती अचानक बंद झाली, की ते वागणं आधी उसळतं आणि मग ओसरतं. लिफ्टचं बटण दाबून लिफ्ट आली नाही तर आपण ते सोडून देत नाही, आणखी पाच वेळा आणि जोरात दाबतो. मग जिन्याने जातो. मनू जोरात दाबत होती. म्हणजे उपाय फसला नव्हता, लागू पडायला लागला होता.

आणि नेमकं इथेच एकाने हसून चालत नाही. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेल्या कामातून एक गोष्ट स्पष्ट दाखवली. बटणावर चोच मारल्यावर दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद झाल्यावर कबुतर लवकर सोडून देतं. पण मधूनच, अवचित दाणा मिळत असेल, तर दाणे पूर्ण बंद झाल्यावरही ते कितीतरी वेळ चोच मारत राहतं. लॉटरीची तिकिटं घेणाऱ्या माणसाचं असंच असतं. म्हणून चारजण गप्प आणि पाचवा तिसऱ्या दिवशी खुदकन हसला, तर ते कुणीच गप्प न राहण्यापेक्षा वाईट. हसू आवरत नसेल तर खोलीबाहेर जायचं. सासरे तेवढ्यासाठी दोनदा ‘दूध बघतो’ म्हणून स्वयंपाकघरात गेले. गॅसवर दूध नव्हतंच.

चौथ्या-पाचव्या दिवशी उतार लागला. सहाव्या दिवशी आम्ही साताऱ्याला मामेबहिणीच्या मुलाच्या बारशाला गेलो आणि सगळं परत धोक्यात आलं. हॉलमध्ये चाळीसेक बायका. पाळण्याची दोरी खुर्चीच्या पायात अडकली. मनूने शांतता बरोबर साधली आणि म्हणाली. हशा पिकला. एक काकू पुढे झाल्या, तिचा गालगुच्चा घेतला आणि म्हणाल्या, “काय म्हणालीस गं? म्हण बघू परत!”

घरातले पाचजण सांभाळता येतात, चाळीस नाही. अशा वेळी दोन वाक्यं तयार असावी लागतात, एक मोठ्यांसाठी, एक मुलासाठी. मी काकूंना हसतच म्हणाले, “काकू, गॅरेजवर ऐकलंय तिनं, विसरायलाय आता. तुम्ही परत म्हणायला लावू नका.” आणि मनूला म्हणाले, “दोरी अडकली? चल, आपण दोघी सोडवू.” दोरी सुटली. ती ‘खट्याक’ म्हणाली. मुलाला तिथून रडवत बाहेर नेणं, सगळ्यांसमोर माफी मागायला लावणं, यातून चाळीसांचं हसू चाळीसांचं नाटक होतं. परतल्यावर दोन दिवस शब्द वाढला, आणि मग गेला. पंधरवड्यानंतर तो पुन्हा ऐकल्याचं मला आठवत नाही.

*

यात एक मर्यादा आहे आणि ती गाळून चालणार नाही. काही शब्दांना हा कोरा चेहरा चालत नाही. आपल्या भागात जातीची नावं शिवी म्हणून वापरली जातात. अपंगत्वाची, रंगाची नावंही. मुलाच्या लेखी तोही नुसता आवाजच असतो. पण ऐकणाऱ्याच्या लेखी नसतो, आणि तो ऐकणारा जिन्यात, दुकानात, बालवाडीच्या बाकावर बाजूलाच बसलेला असू शकतो. तिथे समोरच्या माणसाची माफी आपण मागायची, मोठ्यांनी, मुलाला पुढे न ढकलता. मुलाला छोट्या वाक्यात सांगायचं, “हा शब्द आपण म्हणत नाही, याने माणसांना लागतं.” आणि मग तो शब्द कुठून आला ते शोधायचं. बहुतेकदा तो गॅरेजवरून आलेला नसतो. घरातल्याच कुणाच्या तोंडून आलेला असतो.

उगमाबद्दलही एक गोष्ट. मी गॅरेजवाल्याशी बोलले. भांडायला गेले नव्हते, पंक्चर काढायला गाडी नेली होती. “दादा, आमची लेक गॅलरीतून तुमचं सगळं ऐकतीय बरं का.” तो ओशाळला. “वहिनी, तोंडात बसलंय, काय करू? पण बघतो.” त्यानंतर मनू गॅलरीत दिसली की तो हात करायचा आणि थोडा वेळ आवाज खाली यायचा. थोडाच वेळ. रस्ता आपल्यासाठी गप्प होत नाही. नेवासा तालुक्यातल्या सौंदाळा गावाने नोव्हेंबर 2024 मध्ये ग्रामसभेत ठराव केला, आई-बहिणीवरून शिवी देणाऱ्याला पाचशे रुपये दंड. मला तो ठराव आवडला, कारण त्या शिव्यांत जिचा अपमान होतो ती बाई बहुतेकदा त्या भांडणात नसतेच. पण तो दंड कळत्या माणसांसाठी आहे. अडीच वर्षांच्या मुलाला दंड लावायचा तर आधी त्याला गुन्हा शिकवावा लागेल.

*

मग मुलाला शिवी म्हणजे काय, हे कधी सांगायचं? माझ्या अनुभवात, मूल ‘इथे चालतं, तिथे नाही’ हे पाळायला लागलं की. देवळात चप्पल काढायची, घरी आल्यावर हात धुवायचे, लायब्ररीत हळू बोलायचं. चारच्या आसपास हे जमायला लागतं. तेव्हा शिवी हीसुद्धा जागेची गोष्ट म्हणून सांगता येते.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. खंडाळा तालुक्यात सुखेड आणि बोरी अशी शेजारशेजारची दोन गावं आहेत, मध्ये ओढा. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही गावांतल्या बायका ओढ्याच्या दोन काठांवर जमतात आणि एकमेकींना शिव्या देतात. याला ‘बोरीचा बार’ म्हणतात. एका पाटलाच्या दोन बायका, एक या गावात, एक त्या गावात, ओढ्यावर भांडून मेल्या आणि तेव्हापासून बार सुरू झाला, अशी गोष्ट सांगतात. लहान असताना मी मावशीचं बोट धरून ते बघितलंय. हलगी, डफडं, तुताऱ्या यांचा एवढा कल्लोळ असतो की शब्द धड ऐकूच येत नाहीत. हातवारे दिसतात, पदर खोचलेल्या बायका दिसतात, आणि एकमेकींना ओढून न्यायला कुणी पाण्यात उतरलं तर मध्ये उभे असलेले पोलीस दिसतात. थोड्या वेळाने वाद्यं थांबतात. बायका पदर सोडतात आणि घरी जातात. दुसऱ्या दिवशी बाजारात त्याच बायका एकमेकींना ‘काय वो वैनी, बरं हाय का’ विचारतात.

मावशीला मी तेव्हा विचारलं होतं, “तू त्यांना शिव्या दिल्यास, मग मला का देऊ देत नाहीस?” ती म्हणाली, “त्या वड्याच्या शिव्या हायत. वड्यावरच ऱ्हात्यात. घरी आनायच्या न्हाईत.” मला ते लगेच कळलं होतं. मी तेव्हा पाच-सहा वर्षांची असेन. अडीच वर्षांची असते तर कळलं नसतं, कारण ‘ओढा’ आणि ‘घर’ यांतला फरक पाळायला जी जाण लागते ती तेव्हा नसते.

मनूला मी चार वर्षांची झाल्यावर सांगितलं. काही शब्द असतात, त्यांना शिव्या म्हणतात. ते ऐकून माणसाला लागतं किंवा राग येतो. बाहेर तुला ते ऐकू येतील. मोठी माणसंही म्हणतात. आपल्या घरात आपण ते वापरत नाही. कुठला शब्द ऐकलास आणि कळलं नाही, तर मला येऊन विचार, मी रागावणार नाही. यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आणि पाळायला सगळ्यात अवघड. टिमोथी जे आणि क्रिस्टिन जे यांनी मुलांच्या शिव्यांचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात दिसतं की शाळेत जायच्या वयापर्यंत मोठ्यांच्या शिव्यांचा पायाभूत साठा मुलांजवळ आलेलाच असतो. म्हणजे शब्द येणारच आहेत. प्रश्न एवढाच की ते घेऊन मूल कुणाकडे जातं.

गेल्या महिन्यात ती शाळेच्या व्हॅनमधून उतरली, दप्तर माझ्याकडे दिलं आणि माझ्या कानाशी येऊन एक शब्द कुजबुजली. असा की माझे कान गरम झाले. “आई, ही शिवी आहे का?”

“हो, आहे.”

“मोठी का लहान?”

“मोठी.”

“बरं,” ती म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली. मागून मी विचारलं नाही की कोण म्हणालं. अर्ध्या जिन्यात तिनेच सांगितलं.